चेहऱ्यावरचे लाल डाग आणि रंगचक्रातले १३ अंश

लग्नाच्या आदल्या दिवशी थ्रेडिंग आणि फेशियल करून घेतलेल्या नवरीचा क्लोजअप मोठ्या पडद्यावर उघडला की एक गोष्ट हमखास दिसते. कपाळ, जबड्याची कड, मान सगळं एका रंगाचं असतं; पण नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालांवर आणि हनुवटीवर लालसर चट्टे असतात. समोर बोलत असताना ते कुणाच्या लक्षातही आलेले नसतात. बोलणारा, हलणारा चेहरा आपण पूर्ण बघतो, त्यातल्या रंगांची तुलना करत बसत नाही. फोटोत तो चेहरा स्थिर होतो, शिवाय बहुतेक कॅमेरे चित्र उठावदार दिसावं म्हणून रंग थोडे गडद करून देतात. मग चट्टे आधी दिसतात, हसू नंतर.

यावरचा सोपा उपाय म्हणून अनेक ठिकाणी सगळा चेहरा धूसर केला जातो. त्याने चट्टे जातात, पण त्वचेची छिद्रं, बारीक लव, हसताना पडणाऱ्या रेषा हे सगळंही जातं आणि मेणाचा मुखवटा उरतो. खरं तर चट्ट्यांमध्ये त्वचेचा पोत बिघडलेला नसतोच. बिघडलेला असतो फक्त रंग, आणि तोही फार थोडा. म्हणून दुरुस्तीही फक्त रंगाची करायला हवी. फोटोशॉपमधल्या Hue/Saturation या जुन्या सुविधेत ती उत्तम होते. मात्र त्यातली एक खुबी माहीत नसेल तर ती जवळजवळ निरुपयोगी ठरते, आणि ती खुबी नीट समजावी म्हणूनच हा लेख.

आधी लाली म्हणजे काय ते पाहू. त्वचेला रंग येतो तो मुख्यतः दोन गोष्टींमुळे. मेलॅनिन तिला पिवळसर-तपकिरी छटा देतं आणि रक्तातलं हिमोग्लोबिन लालसर. हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश, साधारण ५४० ते ५८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, जोरात शोषून घेतं. थ्रेडिंगने, उन्हाने, रडण्याने किंवा होमाच्या धगीने त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुलतात, तिथे रक्त जास्त येतं आणि त्या जागेवरून हिरवा प्रकाश कमी परत येतो. लाल प्रकाश मात्र जवळपास पूर्वीइतकाच परत येतो. म्हणजे लाल चट्ट्यावर लाल वाढलेला नसतो, हिरवा कमी झालेला असतो.

फोटोतल्या आकड्यांत हे स्वच्छ दिसतं. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, शून्यापासून २५५पर्यंत. उदाहरणादाखल गव्हाळ-गोऱ्या वर्णाचा एक चेहरा घेऊ. जबड्याजवळच्या समरस त्वचेवर आकडे आहेत लाल २००, हिरवा १५०, निळा १२५. गालावरच्या चट्ट्यावर आहेत लाल २००, हिरवा १२८, निळा ११८. लाल तोच आहे. हिरवा २२ने उतरला आहे आणि निळा थोडासा.

हेच आकडे रंगचक्राच्या भाषेत मांडले की काम सोपं होतं. रंगचक्रावर लाल शून्य अंशावर असतो, पिवळा ६०वर, हिरवा १२०वर, निळा २४०वर. कोणत्याही ठिपक्याचा रंग या चक्रावर किती अंशांवर बसतो तो त्याचा ह्यू. रंग किती गडद ते सॅच्युरेशन आणि किती उजळ ते लाइटनेस. वरच्या उदाहरणात चांगल्या त्वचेचा ह्यू येतो २० अंश आणि चट्ट्याचा सुमारे ७ अंश. माणसाची त्वचा गोरी असो वा सावळी, तिचा ह्यू सहसा नारिंगी रंगाच्या याच अरुंद पट्ट्यात कुठेतरी असतो. त्या पट्ट्यातले हे १३ अंश डोळ्याला चट्टा म्हणून जाणवतात. सॅच्युरेशन आणि लाइटनेसमधला फरक इथे किरकोळ आहे.

यावरून पहिली गोष्ट ठरते. चट्टा लाल आहे म्हणून लाल रंगाचं सॅच्युरेशन उतरवणं हा चुकीचा रस्ता आहे. तसं केलं की चट्टा ७ अंशांवरच राहतो, फक्त फिका पडतो. शेजारची त्वचा उबदार नारिंगी आणि मधेच एक राखाडी-गुलाबी ठिगळ असं दिसू लागतं, माणूस आजारी वाटतो. चट्ट्याला फिकं करायचं नाही. त्याला ७ अंशांवरून शेजारच्या त्वचेच्या २० अंशांकडे आणायचं आहे. काम मुख्यतः ह्यूच्या सरकपट्टीचं आहे, सॅच्युरेशनचं नंतर आणि थोडं.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवातीला फोटोचा व्हाइट बॅलन्स नीट करून घ्यावा. सगळं चित्रच गुलाबी असेल तर चट्टे वेगळे काढता येणार नाहीत. मग Hue/Saturation चा ॲडजस्टमेंट लेयर घ्यावा, म्हणजे मूळ फोटोला हात लागत नाही. पॅनलमधल्या यादीत सुरुवातीला Master निवडलेलं असतं. त्याचा परिणाम सगळ्या रंगांवर होतो, म्हणून तिथे Reds निवडायचं. इथपर्यंत बहुतेक लोक येतात, ह्यूची पट्टी उजवीकडे सरकवतात, चट्टा नारिंगी होतो. पण त्याच वेळी सगळा चेहराही पिवळा पडतो. मग पट्टी परत शून्यावर आणून ते हा मार्ग सोडून देतात.

असं का होतं? पॅनलच्या तळाशी दोन रंगपट्ट्या असतात आणि त्यांच्या वर चार आकडे: ३१५, ३४५, १५ आणि ४५. फोटोशॉपच्या मते Reds म्हणजे काय ते हे आकडे सांगतात. ३४५ ते १५ अंश या मधल्या भागातल्या रंगांवर बदलाचा पूर्ण परिणाम होतो. १५पासून ४५पर्यंत तो हळूहळू उतरत शून्यावर येतो, आणि डावीकडे ३४५पासून ३१५पर्यंत तसाच. आपली चांगली त्वचा २० अंशांवर आहे, म्हणजे त्या उताराच्या अगदी वरच्या टोकाला. तिच्यावर पूर्ण बदलाच्या सुमारे ८३ टक्के परिणाम होतो. ह्यू १३ने सरकवला तर चट्टा ७वरून २०वर येतो खरा, पण चांगली त्वचा तोवर २०वरून जवळजवळ ३१वर निघून गेलेली असते. फरक १३ अंशांचा होता, तो आता सुमारे ११ अंशांचा आहे. एवढं करून चट्टा जवळजवळ तसाच राहिला आणि चेहरा पिवळा झाला तो वेगळाच.

म्हणून खुबी ही की आधी ती कक्षा अरुंद करायची. रंगपट्ट्यांच्या मधे चार खुणा असतात, आतल्या दोन उभ्या आणि बाहेरच्या दोन त्रिकोणी. आतल्या खुणांमधला भाग पूर्ण परिणामाचा, आतल्या आणि बाहेरच्या खुणेमधला भाग उताराचा. या उदाहरणात उजवीकडची आतली खूण १५वरून १०वर आणायची आणि उजवीकडचा त्रिकोण ४५वरून २०वर. आता २० अंशांवरच्या चांगल्या त्वचेवर परिणाम शून्य. डावीकडच्या खुणांना सहसा हात लावावा लागत नाही, कारण चेहऱ्यावरची लाली क्वचितच त्या बाजूला फार दूर जाते.

खुणा सरकवताना नेमकं काय निवडलं जातंय ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. त्यासाठी ह्यूची पट्टी थेट +१८०वर न्यावी. लाल रंग चक्राच्या पलीकडच्या बाजूला जातो आणि निवडलेला भाग भडक निळा-हिरवा दिसायला लागतो. सुरुवातीला सगळा चेहराच तसा होतो. उजवीकडचा त्रिकोण डावीकडे आणत जावं तसतसा कपाळाचा, मग जबड्याचा रंग मूळ पदावर येतो आणि शेवटी नाकाच्या कडा, गालांवरचे चट्टे, हनुवटी एवढंच निळसर उरतं. तिथे थांबावं. ह्यू शून्यावर आणावा. कक्षा ठरली, आता दुरुस्ती.

ह्यू १३ने सरकवला तर या नव्या कक्षेत काय होतं ते पाहण्यासारखं आहे. सात अंशांवरचा ठिपका २०वर येतो. दहावरच्याला अजून पूर्ण परिणाम लागू असल्यामुळे तो २३वर जातो. पंधरावरचा उताराच्या मध्यावर आहे, त्याला निम्मा धक्का मिळतो आणि तो साडेएकवीसवर येतो. वीसवरचा जागचा हलत नाही. म्हणजे आधी ७ ते २० असा पसरलेला रंग आता २० ते २३ यांत मावतो. चेहरा समरस होणं म्हणतात ते हेच, रंगांचा पसारा १३ अंशांवरून ३ अंशांवर येणं.

तरीही मी १३वर न जाता ११वर थांबेन. मग सातचा १८ होतो, दहाचा २१, पंधराचा साधारण साडेवीस. पसारा तीनच अंशांचा राहतो, पण गालावर लालीचा अगदी पुसट अंश शिल्लक राहतो. जिवंत माणसाचे गाल, नाकाचा शेंडा आणि कान बाकी चेहऱ्यापेक्षा जरा लालच असतात. ती छटा पूर्ण पुसली तर तब्येतच हरवल्यासारखी वाटते.

उरलेल्या दोन पट्ट्यांचं काम थोडंच. याच उदाहरणात सॅच्युरेशन उणे ५ आणि लाइटनेस अधिक ४ केला, ह्यू १३ ठेवला, तर चट्ट्याचे आकडे जवळपास लाल २००, हिरवा १५०, निळा १२५ असे येतात, म्हणजे शेजारच्या त्वचेइतकेच. सहसा सॅच्युरेशन दहा-बाराच्या खाली न्यावं लागत नाही. लाइटनेस तर आणखी जपून वापरावा, कारण तो वाढवला की रंगात सरळ पांढरा मिसळला जातो आणि दहाच्या पुढे गेलं की गालावर पावडर थापल्यासारखी झाक येते.

हे आकडे डोळ्यांनी अंदाजण्याची गरज नाही. Info पॅनलमध्ये एक रकाना HSB वर लावून ठेवावा, आयड्रॉपरचा नमुना ११ गुणिले ११ ठिपक्यांच्या सरासरीवर ठेवावा आणि एक खूण चट्ट्यावर, एक जबड्यावर टाकावी. एकेका ठिपक्याचा आकडा फसवा असतो, शेजारचाच ठिपका चार अंश इकडे-तिकडे असू शकतो. सरासरीवर भरवसा ठेवता येतो. पट्टी सरकवताना पॅनलमध्ये आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे शेजारी दिसतात.

कक्षा कितीही नेमकी लावली तरी ती फक्त रंग ओळखते, जागा ओळखत नाही. चट्ट्याच्या रंगाचं चेहऱ्यावर बरंच काही असतं: ओठ, हिरड्या, डोळ्यांचे कोपरे. मराठी नवरीच्या चेहऱ्यावर शिवाय कुंकू असतं, आणि लाल शालू त्याच चौकटीत असतो. ह्यू सरकवला की कुंकू केशरी होतं आणि ओठ विटकरी. खरं तर दुरुस्ती सांडली की काय हे तपासायची सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे कपाळावरचं कुंकू. म्हणून लेयरचा मास्क Ctrl+I ने काळा करून टाकावा, म्हणजे परिणाम सगळीकडून लपतो, आणि मग मऊ कडेच्या ब्रशने फक्त चट्ट्यांवर पांढरा रंग फिरवावा. ब्रशचा Flow दहा-पंधरा टक्के असला की थर हळूहळू चढतो. इथे एक दिलासाही आहे. कक्षा आधीच अरुंद असल्यामुळे ब्रश चट्ट्याच्या बाहेर थोडा गेला तरी बिघडत नाही. बाहेरची त्वचा कक्षेत नाहीच. नुसता मास्क वापरून रंग बदलणाऱ्याला चट्ट्याची कड तंतोतंत गिरवावी लागते, इथे ती आपोआप सांभाळली जाते.

बिघडतं ते सहसा उतारामुळे. उजवीकडच्या दोन खुणा फार जवळ आणल्या, म्हणजे दहावर पूर्ण परिणाम आणि बारावर शून्य असं केलं, तर नऊ अंशांवरचा ठिपका २२वर उडी मारतो आणि त्याच्या शेजारचा बारा अंशांचा बारावरच राहतो. आधी जो चट्ट्याचा लाल भाग होता तो आता भोवतालच्या त्वचेहून जास्त पिवळा दिसतो, आणि भोवती लाल कडं उरतं. फोटो मोठा करून पाहिला तर तिथे रंगांचे कण विखुरल्यासारखे दिसतात. उपाय एकच, त्रिकोण थोडा उजवीकडे नेऊन उतार सौम्य करणं, मग चांगली त्वचा अंशभर हलली तरी चालेल. उताराला निदान आठ-दहा अंशांची जागा असावी.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोवर हा त्रास दुपटीने होतो. जेपेगमध्ये उजेडाची माहिती बारकाईने साठवली जाते, पण रंगाची माहिती बहुतेक वेळा चार ठिपक्यांना मिळून एकच असते आणि सगळं चित्र ८ गुणिले ८च्या चौकोनांत दाबलेलं असतं. नुसतं बघताना हे कळत नाही. अरुंद कक्षेतून रंग ओढला की मात्र गालावर बारीक चौकोन उमटतात. म्हणून शक्य असेल तिथे कॅमेऱ्याची रॉ फाइल घ्यावी, आणि ती १६ बिटमध्ये उघडावी.

लाइटरूममध्ये काम करणाऱ्यांना हीच गोष्ट थोड्या वेगळ्या रूपात भेटते. तिथे रंगांचे आठ गट असतात आणि Red व Orange वेगळे असतात. त्वचेचा बराच भाग नारिंगीत आणि लाली लालमध्ये पडते, त्यामुळे Red चा ह्यू उजवीकडे सरकवला की पुष्कळदा लगेच फरक पडतो. पण गटांच्या सीमा आपल्याला हलवता येत नाहीत. चट्टा दोन गटांच्या मधे पडला तर अडचण होते. ती २०२३मध्ये आलेल्या Point Color ने दूर झाली. त्यात थेट चट्ट्यावर टिचकी मारून रंग उचलता येतो, कक्षा कमी-जास्त करता येते आणि Visualize Range लावलं की निवडलेला भागच रंगीत दिसतो. कॅप्चर वनमध्ये त्वचेसाठी वेगळा Skin Tone विभागच आहे. तिथे Uniformity च्या पट्ट्या आजूबाजूचे रंग आपण उचललेल्या रंगाकडे ओढतात, म्हणजे वर जो पसारा कमी करण्याचा हिशेब केला तो तिथे एका पट्टीत होतो. फक्त रंग उचलताना चट्ट्यावरून न उचलता चांगल्या त्वचेवरून उचलायचा, कारण सगळं त्याच्याकडे येणार असतं. विनामूल्य मिळणाऱ्या गिम्पमध्ये Hue-Saturation मध्ये सहा रंग आणि एक Overlap पट्टी आहे, पण फोटोशॉपसारख्या चार खुणा नाहीत. तिथे मास्कवर जास्त मेहनत घ्यावी लागते.

हा उपाय कुठे चालत नाही तेही सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या अनेक चेहऱ्यांवरचे डाग लाल नसतातच. गडद त्वचेत मेलॅनिन जास्त असल्यामुळे फुललेल्या रक्तवाहिन्यांची लाली झाकली जाते आणि तो भाग तपकिरी किंवा जांभळट, गडद दिसतो. मुरुमं बरी झाल्यावर मागे राहणारे डाग बहुधा मेलॅनिनचे असतात, तेही तपकिरी. अशा डागाचा ह्यू मोजला तर शेजारच्या त्वचेपेक्षा दोन-तीन अंशांचाच फरक निघतो. खरा फरक उजेडाचा असतो. तिथे ह्यूची पट्टी कितीही हलवली तरी डाग जाणार नाही, उलट तपकिरी डाग हिरवट होईल. त्यासाठी हलक्या हाताने डॉज आणि बर्न करणं हाच मार्ग. म्हणून आधी मोजावं: फरक ह्यूचा आहे की उजेडाचा, यावर हत्यार ठरतं. फुगलेली पुळीही या पद्धतीने रंगाने मिसळते, पण तिची सावली राहते; ती हीलिंग ब्रशनेच काढावी लागते.

लाल शालूवरून उडालेला प्रकाश हे आणखी वेगळं प्रकरण. हनुवटीखाली आणि जबड्याच्या आतल्या बाजूला दिसणारी लाली पुष्कळदा रक्ताची नसते, कापडाची असते. आकडे चट्ट्यासारखेच येतात, पण तिला कड नसते, ती सावलीबरोबर सरळ पसरत जाते आणि त्या भागाचा उजेडही कमी असतो. तिच्यासाठी दुसरा लेयर, दुसरी कक्षा आणि दुसरा मास्क लावावा. दोन्ही एकाच लेयरमध्ये आवरायला गेलं तर गाल जास्त पिवळे होतात किंवा हनुवटी लाल राहते.

लाइटनेसच्या पट्टीबद्दल आणखी एक आग्रहाने सांगतो. चट्टे समरस करणं आणि चेहरा गोरा करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि स्टुडिओत ती फार सहज एकात मिसळतात. एकदा पट्टीला हात लागला की ‘अजून जरा उजळ’ ही फर्माईश येतेच. इथे लक्ष्याचा रंग आपण त्याच माणसाच्या जबड्यावरून घेतला आहे. जबडा गव्हाळ असेल तर गालही गव्हाळच व्हायला हवेत. चेहरा आणि मान यांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. चेहरा मानेपेक्षा उघड उजळ झाला असेल तर तो चट्ट्यांचा उपाय राहिलेला नाही. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायच्या फोटोला तर यातलं काहीच करू नये, तिथे लालीच निदानाची खूण असते.

एका लग्नातले शेकडो फोटो असतील तर प्रत्येकाला हे पुन्हा करावं लागत नाही. एकाच उजेडात काढलेल्या फोटोंवर तोच लेयर ओढून नेता येतो, कक्षा आणि आकडे तसेच राहतात. फक्त मास्क प्रत्येक चेहऱ्यासाठी नव्याने रंगवावा लागतो. उजेड बदलला, म्हणजे मांडवातून बाहेर उन्हात आलं किंवा संध्याकाळच्या स्वागत समारंभाचे पिवळे दिवे लागले, की चांगल्या त्वचेचा ह्यू २०वर राहत नाही. मग खुणा पुन्हा लावाव्या लागतात, आणि सुरुवात पुन्हा जबड्यावरचा आकडा मोजण्यापासून.